एक फोटो, आठ फायली

तालुक्याच्या गावातून चालणाऱ्या बातम्यांच्या वेबसाइटवर अडचणीची पहिली खबर बहुधा होस्टिंगवाल्याकडून येते. जागा अजून शिल्लक असते, बिलही भरलेलं असतं, पण मेलमध्ये लिहिलेलं असतं की तुमच्या खात्यातल्या फायलींची संख्या मर्यादेला टेकली आहे. संपादक चक्रावतो. आपण तर वीस हजारच फोटो चढवले, मग दोन-अडीच लाख फायली आल्या कुठून?

त्या त्याच्याच वेबसाइटने केलेल्या असतात. मराठीतल्या बहुतेक छोट्या वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, आणि वर्डप्रेसला एक फोटो दिला की ते तो नुसता ठेवून देत नाही. त्याच्या लहान-मोठ्या प्रती लगेच काढून त्याच फोल्डरमध्ये शेजारी मांडून ठेवतं. मीडिया लायब्ररीच्या पडद्यावर आपल्याला एकच चौकोन दिसतो. खरा पसारा पाहायचा तर फाइल मॅनेजरमधून wp-content/uploads या फोल्डरात, मग वर्षाच्या आणि महिन्याच्या फोल्डरात शिरावं लागतं.

चांगल्या कॅमेऱ्यातून आलेला ६००० बाय ४००० पिक्सेलचा एक फोटो घेऊ. त्याचं नाव IMG_4021.jpg. तो चढवल्यावर त्या फोल्डरात पुढच्या आठ फायली दिसतात :

```
IMG_4021.jpg
IMG_4021-scaled.jpg
IMG_4021-2048x1365.jpg
IMG_4021-1536x1024.jpg
IMG_4021-1024x683.jpg
IMG_4021-768x512.jpg
IMG_4021-300x200.jpg
IMG_4021-150x150.jpg
```

पहिली फाइल म्हणजे आपण दिलेला मूळ फोटो. scaled नावाची प्रत २५६० पिक्सेल रुंद असते. फोटोची रुंदी किंवा उंची २५६० च्या वर गेली की २०१९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस ही प्रत काढतं आणि 'पूर्ण आकार' म्हणून मूळ फोटोऐवजी तीच वापरतं. १५३६ आणि २०४८ च्या प्रतीही त्याच आवृत्तीत आल्या. ७६८ ची प्रत त्याआधीची, २०१५ च्या अखेरीस आलेल्या ४.४ आवृत्तीतली. बाकीच्या तीन मात्र जुन्याच. त्यांची मापं सेटिंग्जमधल्या मीडियाच्या पानावर बदलता येतात.

हे सगळं उगाच केलेलं नाही. बातमी मोबाइलवर उघडली की पानाच्या कोडमध्ये एकाच फोटोच्या अनेक प्रतींचे पत्ते रुंदीसह लिहिलेले असतात आणि आपल्या पडद्याला पुरेल ती प्रत ब्राउझर स्वतः निवडतो. या यादीला srcset म्हणतात. साधारण ३६० एकक रुंदीचा आणि तिप्पट घनतेचा मोबाइल असेल तर त्याला हजार-अकराशे पिक्सेलचा फोटो लागतो. तो १०२४ ची किंवा तिच्या वरची प्रत उचलतो. ही सोय नसती, तर त्याच मोबाइलला कित्येक एमबीचा मूळ फोटो ओढावा लागला असता. प्रती हव्यात हे मान्यच. प्रश्न आहे तो कोणत्या हव्यात याचा.

त्यातच थीम स्वतःच्या मापांची भर घालते. पहिल्या पानावरच्या चौकटीसाठी एक, बाजूच्या पट्टीसाठी एक, 'आणखी वाचा'साठी एक. शिवाय थीम बदलली की जुन्या थीमने काढलेल्या प्रती जात नाहीत. त्या आता कोणी मागत नाही, पण फोल्डरात त्या तशाच पडून राहतात.

आता हिशेब मांडू. समजा, एका पोर्टलचे वीस हजार फोटो बातमीदारांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेले, १६०० बाय १२०० मापाचे आहेत. मूळ फोटोपेक्षा मोठी प्रत वर्डप्रेस काढत नाही, म्हणजे इथे २०४८ ची प्रत नाही आणि scaled ही नाही. उरतात मूळ फोटो आणि १५३६, १०२४, ७६८, ३०० व १५० या पाच प्रती, मिळून सहा फायली. जुन्या थीमची चार मापं आणि नव्या थीमची तीन धरली की एका फोटोमागे तेरा फायली झाल्या. वीस हजार फोटोंच्या झाल्या दोन लाख साठ हजार. होस्टिंगवाल्याची तक्रार खरी होती.

या यादीत जरा रोखून पाहिलं तर एक गंमत दिसते. मूळ फोटो १६०० पिक्सेलचा, आणि त्याच्याच शेजारी १५३६ पिक्सेलची प्रत. डोळ्यांना फरक कळणार नाही, पण जागा जवळजवळ तेवढीच. व्हॉट्सॲपने फोटो आधीच इतका दाबलेला असतो की वर्डप्रेसने नव्याने काढलेली ही किंचित लहान प्रत वजनाला कधीकधी मूळ फोटोपेक्षा जड भरते. पिक्सेल मोजले तर मूळ फोटो आणि वर्डप्रेसच्या पाच प्रती मिळून जे पन्नास लाख पिक्सेल होतात, त्यांतले पावणेअठरा लाख या एकट्या प्रतीचे.

म्हणून छाटणीला बसण्याआधी आपल्याला नेमकं काय वाचवायचंय ते ठरवावं. फायलींची संख्या कमी करायची असेल तर जुन्या थीमच्या चार मापांकडे बघायचं. ऐंशी हजार फायली तिथे अडकल्या आहेत, पण त्या सगळ्या चिमुकल्या असतात आणि त्या काढून जागा फारशी सुटत नाही. जागा हवी असेल तर १५३६ च्या प्रतीकडे. त्या फायली वीसच हजार, पण खरं वजन त्यांचंच. दोन्ही काढल्या तर एका फोटोमागे तेराच्या आठ फायली होतात आणि एक लाख फायली जातात. १५० च्या थंबनेलवर राग काढणारे पुष्कळ भेटतात, पण ती प्रत काढून जवळजवळ काहीच मिळत नाही. 

आता धोक्याकडे येऊ. प्रत्येक प्रतीची तीन ठिकाणी दखल असते. एक, डिस्कवरची प्रत्यक्ष फाइल. दोन, डेटाबेसमधली नोंद. या फोटोच्या अमुक मापाच्या प्रती आहेत आणि त्यांची नावं ही, असं _wp_attachment_metadata या नावाने wp_postmeta तक्त्यात लिहिलेलं असतं. तीन, लेखात घातलेला पत्ता. संपादकाने बातमीत फोटो टाकताना 'मध्यम' आकार निवडला असेल तर त्या बातमीच्या मजकुरातच IMG_4021-300x200.jpg हे नाव कायमचं लिहिलं जातं. ही तिन्ही ठिकाणं एकमेकांशी जुळली पाहिजेत. छाटणीत जे काही बिघडतं ते यांतलं एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं म्हणूनच.

सगळ्यात सोपी वाटणारी रीत सगळ्यात वाईट आहे. फाइल मॅनेजर उघडायचा, नावात -1536x असलेल्या सगळ्या फायली निवडायच्या आणि उडवायच्या. फायली जातात, पण डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. srcset ची यादी या नोंदीवरूनच तयार होते, त्यामुळे पान अजूनही १५३६ च्या प्रतीचा पत्ता छापत राहतं. ज्याच्या पडद्याला ती प्रत योग्य वाटेल त्याचा ब्राउझर तीच मागतो, आणि ती मिळाली नाही म्हणून यादीतली दुसरी घेत नाही. नुसती मोकळी चौकट दाखवतो. संपादकाच्या ऑफिसमधल्या साध्या मॉनिटरवर सगळं ठीक असतं आणि पुण्यातला एखादा वाचक फोटो दिसत नाहीत म्हणून फोन करतो. 'आमच्याकडे तर दिसतायत' असं उत्तर दिलं जातं, आणि तेही खरंच असतं.

या रीतीचा दुसरा फटका जाहिरातींना बसतो. जाहिरातवाले बॅनरच्या नावातच माप घालून पाठवतात, ३०० बाय २५० किंवा ७२८ बाय ९०. banner-300x250.jpg ही मूळ फाइल असते, कोणाची प्रत नव्हे, पण नावाचा साचा बघून पुसणाऱ्याला ती प्रतच वाटते. २०१९ च्या अखेरीपासून वर्डप्रेस अशा नावापुढे स्वतःच -1 जोडतं, त्यामुळे नंतरच्या बॅनरांना धोका कमी. त्याआधीचे बॅनर मात्र तसेच आहेत, आणि मूळ फाइल एकदा गेली की ती पुन्हा काढता येत नाही.

बरोबर रीत उलट दिशेने जाते. आधी नको त्या प्रतींचा जन्म थांबवायचा, मग लेख तपासायचे, मग नोंद आणि फाइल एकाच वेळी काढायच्या. सर्व्हरवर कमांड चालवण्याची सोय असेल तर wp नावाचं अवजार हे काम नेटकं करतं. कोणती मापं सध्या नोंदलेली आहेत ते एका ओळीत कळतं :

```
wp media image-size
```

जुन्या थीमची मापं या यादीत येत नाहीत, कारण ती थीम आता चालू नाही. १५३६ आणि २०४८ ची मात्र येतात. ती बंद करायला सेटिंग्जमध्ये चौकट नाही, म्हणून चाइल्ड थीमच्या functions.php मध्ये एवढं लिहावं लागतं :

```php
add_action( 'init', function () {
    remove_image_size( '1536x1536' );
    remove_image_size( '2048x2048' );
} );
```

यामुळे जुनं काही पुसलं जात नाही. फक्त यापुढच्या फोटोंना ही मापं लागत नाहीत.

आता लेख. किती प्रकाशित मजकुरांत ही प्रत थेट वापरली आहे ते डेटाबेसला विचारायचं :

```
wp db query "SELECT COUNT(*) FROM wp_posts
WHERE post_status='publish'
AND (post_content LIKE '%-1536x%' OR post_content LIKE '%x1536.%')"
```

तक्त्याचं नाव प्रत्येक साइटवर wp_ ने सुरू होतंच असं नाही, तेवढं बघून घ्यावं. उत्तर बहुधा शून्य किंवा शून्याच्या जवळ येतं, कारण फोटो घालताना आकाराच्या यादीत १५३६ हा पर्यायच दिसत नाही. ३०० च्या किंवा १०२४ च्या प्रतीबद्दल हाच प्रश्न विचारला तर आकडा हजारांत येईल. या दोन मापांना हात लावू नये. जुन्या थीमच्या चार मापांसाठीही हाच प्रश्न एकेक करून विचारायचा. पान बांधण्यासाठी पेज बिल्डर वापरला असेल तर तो पत्ते wp_postmeta मध्ये स्वतःच्या पद्धतीने साठवतो, म्हणजे तिथेही शोधायला हवं. इथे घाई केली तर पहिल्या पानावरचाच फोटो जातो.

मग बॅकअप. uploads फोल्डर आणि डेटाबेस दोन्हींचा, एकाच वेळचा. फक्त फायलींचा बॅकअप घेतला तर परत आणल्यावर फायली येतील पण त्यांच्या नोंदी येणार नाहीत, म्हणजे पुन्हा तेच तुटलेलं जुळणं. नंतर एकाच फोटोवर प्रयोग, त्याचा क्रमांक देऊन :

```
wp media regenerate 4021 --delete-unknown
```

ही कमांड नवीन काही काढत नाही. सध्या नोंदणीत नसलेल्या मापांच्या प्रती डिस्कवरून पुसते आणि नोंदीतूनही काढते. फोल्डरात जाऊन पाहायचं, ती बातमी मोबाइलवर उघडून पाहायची, आणि ठीक असेल तर क्रमांक गाळून सगळ्या फोटोंवर चालवायची. कमांडची सोय नसेल त्यांच्यासाठी रिजनरेट थंबनेल्स हे जुनं प्लगइन आहे. त्यातही अनोळखी मापांच्या प्रती पुसण्याचा पर्याय आहे, आणि त्याने लेखांतले फोटो तुटू शकतात असा इशाराही शेजारीच दिलेला आहे. फक्त ते ब्राउझरच्या टॅबमधून चालतं. टॅब मिटला की काम थांबतं, म्हणून मोबाइलवरून करण्याची ही गोष्ट नव्हे.

पुन्हा प्रती काढण्याची वेळ येते ती थीम बदलल्यावर. नव्या थीमला समजा ४०० बाय २५० ची प्रत हवी. ती नव्या फोटोंना आपोआप मिळते, जुन्या वीस हजारांना नाही. तेव्हा वर्डप्रेस काही मोडत नाही, हाताला लागेल ती मोठी प्रत पुढे करतं, आणि ब्राउझर ती चौकटीत दाबून बसवतो. पान दिसतं, पण यादीत एक फोटो उभा, एक आडवा, आणि पान उघडायला वेळ. खात्री करायची तर फोटोवर उजवी टिचकी मारून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि फायलीचं नाव वाचा. शेवटी 400x250 नसेल तर त्या फोटोची ती प्रतच नाही. उपाय सरळ आहे :

```
wp media regenerate --only-missing --yes
```

यातलं only-missing महत्त्वाचं. ते नसेल तर आधी आहेत त्या प्रतीही पुसून नव्याने काढल्या जातात. मधेच काम तुटलं तर अर्धवट राहिलेल्या फोटोच्या प्रती गायब आणि लेख मोकळे. आणि काम तुटतंच, कारण फोटो उघडायला मेमरी लागते. फाइल आठ एमबीची असली तरी ६००० बाय ४००० चा फोटो मेमरीत उलगडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून ९६ एमबी होतो, आणि त्याच्याच शेजारी नव्या प्रतीलाही जागा द्यावी लागते. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अशा वेळी प्रक्रिया मधेच मारली जाते. म्हणून हे काम रात्री करावं, थोडे थोडे क्रमांक देऊन.

प्रत नव्याने काढताना आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे कापणी. ठरलेल्या मापात बसवण्यासाठी वर्डप्रेस फोटोचा मधला भाग ठेवतं आणि कडा छाटतं. सत्काराच्या फोटोत शाल-श्रीफळ घेणारे पाहुणे अनेकदा कडेला असतात आणि मध्ये उभा असतो सूत्रसंचालक. पहिल्या पानाच्या चौकटीत मग सत्कार सूत्रसंचालकाचाच झालेला दिसतो. कमांड बिचारी काय करणार, तिला कोण पाहुणा ते ठाऊक नसतं. असे फोटो हाताने कापूनच चढवावे लागतात.

मूळ फोटोबद्दल एक स्वतंत्र गोष्ट. scaled प्रत आहे म्हणून मूळ फाइल काढून टाका असा सल्ला काही जण देतात. कॅमेऱ्याच्या फोटोत खरी जागा तीच खाते हे बरोबर. ६००० च्या त्या उदाहरणात आठही फायलींचे मिळून सुमारे तीन कोटी चाळीस लाख पिक्सेल होतात, त्यांतले दोन कोटी चाळीस लाख एकट्या मूळ फोटोचे. पण पुढच्या सगळ्या प्रती त्याच्यावरूनच निघणार आहेत. काढायचाच असेल तर आधी ऑफिसच्या हार्ड डिस्कवर नावानिशी ठेवून मगच काढा. त्याहून बरं म्हणजे फोटो चढवण्याआधीच २५६० पर्यंत लहान करणं. म्हणजे scaled प्रत निघतच नाही आणि तो मोठा मूळ फोटोही सर्व्हरवर येत नाही. लहान करताना जागेची माहितीही पुसली गेली तर आणखी एक फायदा होतो, जो फारसा कोणी सांगत नाही. फोटोच्या पत्त्यातून -scaled हे अक्षर खोडलं की मूळ फाइल कोणालाही उघडता येते, आणि मोबाइलने त्यात जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले असतील तर तेही. नाव गुप्त ठेवायचं असलेल्या तक्रारदाराच्या घराबाहेर काढलेला फोटो असा चढवणं बरं नव्हे.

छाटणीनंतर काही उनाड फायली उरतात. एखाद्या जुन्या प्लगइनने नोंद नव्याने लिहून टाकली आणि जुन्या प्रती डिस्कवर सोडल्या, असं झालेलं असतं. नोंदीत त्या नाहीत, म्हणून वरची कमांड त्यांना पाहत नाही. एवढंच काय, मीडिया लायब्ररीतून तो फोटो कायमचा काढला तरी त्या जागच्या हलत नाहीत. त्या शोधायला डिस्कवरची यादी आणि डेटाबेसमधली यादी समोरासमोर ठेवावी लागते. सापडल्या तरी लगेच पुसू नका. uploads च्या बाहेरच्या फोल्डरात हलवा आणि सर्व्हरची नोंद पाहत राहा :

```
grep ' 404 ' access.log | grep 'wp-content/uploads'
```

कोणी मागितलेली पण न सापडलेली प्रत इथे नावानिशी दिसते. जुन्या बातम्यांचे दुवे फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि गुगलच्या चित्रांत फिरत असतात, त्यामुळे काही मागण्या पहिल्या आठवड्यात येत नाहीत, त्या महिन्याने येतात. तीच प्रत वारंवार मागितली जात असेल तर ती परत जागेवर ठेवा. सीडीएन किंवा पानांची कॅश वापरत असाल तर छाटणीनंतर ती आधी रिकामी करा, नाहीतर जुनी प्रत कॅशमधून दिसत राहते आणि काय तुटलंय ते कळतच नाही.

प्रती साठवायच्याच नाहीत, मागणी आली की त्या क्षणी काढायच्या, असाही मार्ग आहे. जेटपॅकची फोटो-सेवा मागणीनुसार प्रती काढून देते. पण त्यात फोटो दाखवणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर सोपवलं जातं. लहान पोर्टलने तिकडे जाण्याआधी आपल्या फोल्डरातली नको ती मापं बंद करून बघावीत. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

आणि नवी थीम घ्यायची असेल, तर ही सगळी छाटणी तिच्यानंतर करा. नवी थीम स्वतःची मापं घेऊन येणारच आहे, आणि जुन्या थीमची मापं बिनकामाची झाली हे ती चालू झाल्यावरच नक्की कळतं.